ठरलेल्या नफ्यासाठी किती विक्री हवी: गोल सीक की सरळ समीकरण?

महिन्याकाठी साठ हजार रुपये नफा हवा असेल तर किती माल विकला पाहिजे? नाशिकमध्ये अंबड किंवा सातपूरला गाळा घेऊन उत्पादन करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. एक्सेल उघडून बसलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे गोल सीक: नफ्याच्या चौकटीत साठ हजार यायला हवेत एवढं सांगायचं आणि विक्रीचा आकडा एक्सेलला शोधू द्यायचा. दुसरी म्हणजे शाळेत शिकलेलं समीकरण: विक्रीला एका बाजूला काढायचं आणि उत्तराचं सूत्रच शीटमध्ये लिहायचं.

माझं मत आधीच सांगतो. हिशोब सरळ रेषेत चालणारा असेल तर समीकरणच लिहावं, कारण ते जिवंत राहतं. गोल सीक ताळा पाहायला आणि उलटे प्रश्न विचारायला ठेवावं. खर्च मध्येच उडी मारत असेल तर दोन्ही पद्धती बेसावध माणसाला फसवतात, म्हणून तिथे आधी उडी कुठे आहे ते बघावं.

उदाहरण: चिवड्याचा गाळा

समजा नाशिकमध्ये अर्धा किलोच्या पाकिटात चिवडा भरून तुम्ही रविवार कारंजा, नाशिकरोड, सिन्नर, ओझर इथल्या दुकानदारांना देता. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

दुकानदाराला पाकीट १२० रुपयांना पडतं, जीएसटी वगळून. पोहे, शेंगदाणे, डाळवं, तेल, मसाला, गॅस आणि पाकीट मिळून एका नगाला ७८ रुपये लागतात. माल खपवणाऱ्या एजंटला विक्रीवर ५ टक्के कमिशन, म्हणजे पाकिटामागे ६ रुपये. उरतात ३६. या ३६ रुपयांना कॉस्टिंगमध्ये अंशदान म्हणतात. प्रत्येक पाकीट आधी गाळ्याचा स्थिर खर्च भागवायला आणि तो भागला की नफ्यात एवढी भर घालतं.

स्थिर खर्च महिन्याला असा: भाडं २२,०००, कारागीर आणि मदतनिसांचे पगार ४८,०००, वीज-फोन ५,०००, टेम्पोच्या कर्जाचं व्याज आणि घसारा १५,०००. एकूण ९०,०००. टेम्पोचा पूर्ण हप्ता मी इथे धरलेला नाही. हप्त्यातला मुद्दलाचा भाग ही कर्जाची परतफेड आहे, तो खर्च नव्हे. रोकड किती लागेल हे बघताना तो धरायचा, नफा बघताना नाही. साठ हजारांचा नफाही मालकाच्या स्वतःच्या घरखर्चाआधीचा आणि आयकराआधीचा आहे.

पायरी १: शीट मांडणं

दोन्ही पद्धतींना एकच मांडणी चालते. A रकान्यात नावं लिहा, B मध्ये आकडे आणि सूत्रं.

```
B1  2500                    पाकिटे
B2  120                     दर
B3  78                      नगामागे खर्च
B4  5%                      कमिशन
B5  90000                   स्थिर खर्च
B6  60000                   हवा असलेला नफा
B7  =B1*B2                  विक्री
B8  =B1*B3+B7*B4            बदलता खर्च
B9  =B7-B8-B5               नफा
```

B1 मध्ये २५०० मुद्दाम टाकले आहेत. ९०,००० ला ३६ ने भागलं की २,५०० येतात, म्हणजे हा ना नफा ना तोटा बिंदू. B9 मध्ये शून्य दिसलं तर शीटची जोडणी बरोबर आहे. शून्याऐवजी दुसरं काही दिसलं तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा कमिशन एक तर दोनदा वजा झालेलं असतं, नाहीतर स्थिर खर्चात जाऊन बसलेलं असतं.

दर लिहिताना घोटाळा होतो तो जीएसटीचा. बिलावर १२६ रुपये दिसतात, त्यातले ६ रुपये ५ टक्के जीएसटीचे, म्हणजे सरकारचे. B2 मध्ये कुणी १२६ टाकले तर अंशदान ३६ ऐवजी ४१.७० दिसतं आणि हवी असलेली पाकिटं ३,५९८ येतात. तेवढी विकून प्रत्यक्षात नफा होतो ३९,५२८. एक्सेल काहीही कुरकुर करत नाही, गोल सीकही खुशाल उत्तर देतं, आणि वीस हजारांची तूट महिनाअखेरीला कळते. दर जीएसटी वगळून घ्या. कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट तुम्ही घेत असाल तर ७८ रुपयेही जीएसटी वगळूनच.

पायरी २: गोल सीकने

एक्सेलमध्ये `Data` टॅबवर `What-If Analysis` आणि त्यात `Goal Seek`. छोटी खिडकी उघडते, तिच्यात तीन जागा भरायच्या.

```
Set cell:          B9
To value:          60000
By changing cell:  B1
```

`OK` दाबलं की एक्सेल B1 मध्ये एकामागून एक आकडे टाकून बघतं, B9 साठ हजारांच्या किती जवळ आला ते मोजतं आणि जवळ पोहोचलं की थांबतं. B1 मध्ये ४१६६.६७ च्या आसपासचा आकडा दिसेल, B7 मध्ये विक्री पाच लाख. पटलं तर पुन्हा `OK`, नाही तर `Cancel`, म्हणजे जुने २५०० परत येतात. लिब्रेऑफिसमध्ये हेच काम `Tools` मेनूतल्या `Goal Seek` मध्ये होतं.

दोन अटी आहेत. `Set cell` मध्ये सूत्र असलंच पाहिजे आणि `By changing cell` मध्ये सूत्र असता कामा नये, तिथे नुसता आकडा हवा. पाकिटांची संख्या तुम्ही दुसऱ्या शीटवरून सूत्राने आणली असेल तर गोल सीक लगेच नकार देतं.

तिसरी अडचण जास्त त्रासाची आहे. `To value` मध्ये आकडा हातानेच टाइप करावा लागतो, B6 असं लिहून चालत नाही. मग B6 मध्ये तुम्ही साठाचे सत्तर हजार केले तरी गोल सीकला त्याचा पत्ता नसतो. यावर सोपा उपाय म्हणजे एक जादा चौकट घ्यायची, समजा D1, आणि त्यात फरक काढायचा.

```
D1  =B9-B6
```

आता `Set cell` मध्ये D1 आणि `To value` मध्ये कायम शून्य. लक्ष्य बदललं की फक्त B6 बदला आणि गोल सीक पुन्हा चालवा.

पायरी ३: समीकरणाने

विकलेल्या पाकिटांना प ही खूण देऊ. नफा म्हणजे ३६ गुणिले प, वजा ९०,०००. नफा ६०,००० हवा, तर ३६ गुणिले प म्हणजे दीड लाख, आणि प म्हणजे ४,१६६.६७. शीटमध्ये हे दोन-तीन ओळींत बसतं.

```
B10  =B2-B3-B2*B4
B11  =ROUNDUP((B5+B6)/B10,0)
B12  =B11*B2
```

B10 मध्ये ३६, B11 मध्ये ४,१६७ आणि B12 मध्ये ५,००,०४० रुपये. पाकिटं पूर्णांकात विकली जातात म्हणून `ROUNDUP`. नेहमीचं `ROUND` वापरलं तर कधी कधी एक पाकीट कमी पडतं आणि लक्ष्य थोडक्यात हुकतं. ४,१६७ पाकिटांवर नफा ६०,०१२ येतो, तो B1 मध्ये ४१६७ टाकून B9 वर पडताळून घ्या.

पाकिटं न मोजता थेट रुपयांत विक्री हवी असेल तर अंशदानाचं विक्रीशी प्रमाण काढायचं. ३६ भागिले १२० म्हणजे ३० टक्के. दीड लाख भागिले ०.३० म्हणजे पाच लाख. एकच माल असताना हे दोन्ही हिशोब सारखेच. चिवड्याबरोबर शेव, फरसाण, शंकरपाळे असतील तर नगांची बेरीज निरर्थक ठरते आणि रुपयांतला हिशोबच उपयोगी पडतो. मात्र ३० टक्के हा आकडा सगळ्या मालाची मिळून सरासरी असतो आणि कुठला माल किती खपतो याचं प्रमाण तेच राहील या अटीवरच तो खरा असतो. दिवाळीत फराळाचं प्रमाण बदललं की सरासरी पुन्हा काढावी लागते.

तेल महागलं की फरक कळतो

उत्तरं जुळली, मग भांडण कशाचं? नगामागचा खर्च वाढवून बघा. तेल आणि शेंगदाणे वाढले आणि B3 मध्ये ७८ चे ८२ झाले. अंशदान उरलं ३२.

समीकरणाच्या चौकटी त्याच क्षणी बदलतात: B11 मध्ये ४,६८८ पाकिटं, B12 मध्ये ५,६२,५६० रुपये. गोल सीकने B1 मध्ये ठेवलेले ४१६६.६७ मात्र तसेच असतात. तो आता एक साधा आकडा आहे, कुठल्याही सूत्राशी त्याचं नातं नाही. B9 मध्ये नफा ४३,३३३ दिसतो, पण तिकडे बघतो कोण? बहुतेकांनी तोवर B1 चा आकडा कागदावर उतरवून भिंतीला चिकटवलेला असतो.

गोल सीकचं उत्तर शिळं झालंय का, हे ओळखायची खूण म्हणजे D1. तिथे शून्य किंवा शून्याला लागून आकडा नसेल तर B1 जुना आहे, गोल सीक पुन्हा चालवा. मी तर D1 ला रंग बदलण्याची अट लावून ठेवायला सांगतो: फरक वर किंवा खाली एका रुपयापेक्षा जास्त झाला की चौकट लाल.

लक्ष्य टक्क्यांत असेल तेव्हा

काही जण रुपयांऐवजी टक्क्यांत बोलतात: विक्रीवर १२ टक्के नफा हवा. समीकरण सरळ आहे. ३० टक्के अंशदानातून १२ टक्के नफ्याला गेले, स्थिर खर्चासाठी १८ टक्के उरले. ९०,००० भागिले ०.१८ म्हणजे पुन्हा पाच लाखच.

गोल सीक इथे जरा ढिलं पडतं. एक्सेलमध्ये `File`, `Options`, `Formulas` या वाटेने गेलं की `Maximum Change` नावाची जागा दिसते. तिथे मुळात 0.001 असतं. लक्ष्य आणि मिळालेला आकडा यांत एवढा फरक राहिला तरी गोल सीक काम झालं असं मानून थांबू शकतं. नफा रुपयांत असताना हजारांश रुपयाला काहीच अर्थ नाही. पण चौकटीत 0.12 शोधायचं असेल तर 0.001 म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. ११.९ टक्क्यांवर थांबलं तर विक्री ४,९७,२३८ येते, १२.१ वर थांबलं तर ५,०२,७९३. चौकट टक्क्यांत पूर्णांक दाखवत असेल तर तिन्ही वेळा पडद्यावर १२% असंच दिसतं.

यावर `Maximum Change` खूप लहान करता येतं, उदाहरणार्थ 0.0000001. त्यापेक्षा मला प्रश्नच रुपयांत मांडणं आवडतं.

```
D2  =B9-12%*B7
```

D2 शून्य करायला सांगा, ढिलाई आपोआप रुपयाच्या हजारांशावर येते. लाखांत हिशोब ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: ०.००१ लाख म्हणजे शंभर रुपये.

खर्च उडी मारतो तिथे

आता खरी गुंतागुंत. गाळ्यातली माणसं आणि कढई महिन्याला ४,००० पाकिटांपर्यंतच पुरते असं धरा. त्यापुढे संध्याकाळची पाळी लावावी लागते आणि तिचा खर्च, चार हजारांवर एक पाकीट जास्त असो की हजार, महिन्याला १४,४०० रुपये. तेलाचा दर परत जुना, म्हणजे अंशदान ३६.

शीटमध्ये मर्यादा आणि जादा खर्च घाला आणि नफ्याचं सूत्र बदला.

```
B13  4000
B14  14400
B9   =B7-B8-B5-IF(B1>B13,B14,0)
```

B1 मध्ये आकडे बदलून बघा. ४,००० पाकिटांवर नफा ५४,०००. ४,००१ वर ३९,६३६. पुन्हा ५४,००० पर्यंत चढायला ४,४०० पाकिटं लागतात. म्हणजे ४,००१ पासून ४,३९९ पर्यंतचं प्रत्येक उत्पादन ४,००० पेक्षा कमी पैसे देतं. ओझरचा दुकानदार म्हणाला, “आणखी दोनशे पाठवा,” आणि तुम्ही आनंदाने ४,२०० केली, तर नफा ४६,८०० होतो. विक्री वाढली, राबणं वाढलं, हातात सात हजार कमी.

साठ हजारांचं लक्ष्य असताना जुनं समीकरण ४,१६७ सांगतं. तेवढ्यावर नफा येतो ४५,६१२. समीकरण चुकलेलं नाही, ते ४,००० पर्यंतच्या रेषेसाठी लिहिलेलं होतं आणि उत्तर त्या रेषेच्या बाहेर पडलं. म्हणून आधी पहिल्या टप्प्यात उत्तर काढायचं, ते मर्यादेत बसतं का बघायचं, नसेल तर जादा खर्च मिळवून दुसऱ्या टप्प्यात काढायचं.

```
B11  =IF(ROUNDUP((B5+B6)/B10,0)<=B13,
       ROUNDUP((B5+B6)/B10,0),
       ROUNDUP((B5+B14+B6)/B10,0))
```

साठ हजारांसाठी ४,५६७ येतात. विक्री ५,४८,०४० रुपये.

गोल सीकचं काय होतं? ते रेषेच्या उताराचा अंदाज घेत पुढे सरकतं आणि मध्ये कडा आली की अंदाज बिघडतो. कधी उत्तर सापडतं, कधी `may not have found a solution` असा निरोप येतो. त्या निरोपाचा अर्थ उत्तर अस्तित्वात नाही असा घेऊ नका. B1 मध्ये ५००० सारखा कडेपलीकडचा आकडा टाकून पुन्हा चालवा.

याहून फसवी स्थिती लक्ष्य ५०,००० असताना येते. पहिल्या टप्प्यात ३,८८९ पाकिटांवर पन्नास हजार मिळतात आणि दुसऱ्या टप्प्यात ४,२८९ वरही मिळतात. दोन्ही उत्तरं खरी आहेत. गोल सीक त्यातलं एकच देतं, आणि कुठलं ते B1 मध्ये आधी कोणता आकडा होता यावर ठरू शकतं. वर `found a solution` असा खात्रीचा निरोप. चारशे पाकिटं जास्त करून तेवढाच नफा मिळवायचा हे कुणी जाणूनबुजून निवडणार नाही, पण शीटने सांगितलं म्हणून करून बसेल. त्यामुळे शीटमध्ये कुठेही `IF`, `ROUND` किंवा स्लॅबचा तक्ता असेल तर गोल सीक निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून सुरू करून बघा, एकदा मर्यादेच्या बरंच खालून आणि एकदा बरंच वरून. उत्तरं वेगळी आली तर B1 मध्ये शंभर-शंभरच्या पायरीने आकडे टाकून नफ्याचा तक्ता करा, कडा कुठे आहे ते लगेच दिसतं.

गोल सीक हातात घ्यावं तो प्रश्न

४,५६७ पाकिटं खपवायची म्हणजे नवे दुकानदार, संध्याकाळची पाळी, टेम्पोच्या जादा फेऱ्या. त्याआधी मी प्रश्न उलटा करतो: पाळी लावायचीच नाही, ४,००० वरच थांबायचं, तर साठ हजारांसाठी दर किती हवा?

समीकरणाने जायचं तर पुन्हा मांडणी करावी लागते, कारण आता अज्ञात दर आहे आणि कमिशनही त्याच्याबरोबर हलतं. नगामागचा खर्च किती खाली आणावा, एजंटचं कमिशन किती ठेवावं, भाडं कितीपर्यंत परवडेल, अशा प्रत्येक प्रश्नाला वेगळं सूत्र. इथे गोल सीकला तोड नाही. B1 मध्ये ४००० टाका आणि खिडकीत फक्त बदलायची चौकट बदला.

```
Set cell:          D1
To value:          0
By changing cell:  B2
```

उत्तर येतं १२१.५८. ताळा तोंडी होतो: दराचे ९५ टक्के तुमच्याकडे राहतात, म्हणजे ११५.५०. त्यातून ७८ गेले, ३७.५० उरले. चार हजार गुणिले ३७.५० म्हणजे दीड लाख. पाकिटांची संख्या या वेळी ४,००० वर स्थिर असल्याने उडीही मध्ये येत नाही आणि उत्तर एकच असतं.

दर १२२ केला तर ४,००० पाकिटांवर नफा ६१,६०० येतो. म्हणजे दुकानदाराला पाकिटामागे दोन रुपये जास्त मागायचे की सव्वापाचशेहून जास्त पाकिटं जादा तळायची, असा हा सौदा आहे. दोन रुपयांनी काही दुकानदार गळतील. किती गळले तर चालेल हेही शीट सांगतं: B2 मध्ये १२२ कायम ठेवून समीकरणाची B11 बघा, तिथे ३,९५८ दिसतात. बेचाळीस पाकिटांपर्यंतची गळती सोसूनही साठ हजार मिळतात. गळती त्याहून जास्त होईल असं वाटत असेल तर बाजारात दर लावण्याआधी B1 मध्ये तुमच्या अंदाजाची पाकिटं टाका, B9 वाचा आणि तो आकडा १२० रुपये दराच्या ५४,००० शी ताडून बघा.